एक अभिक्रिया, दोन भांडी

द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण तयार करताना जाणकार शेतकरी फवारणीआधी एक परीक्षा घेतो. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी असं एक टक्क्याचं मिश्रण झालं की घासून चकचकीत केलेला विळा किंवा चाकू तो त्यात मिनिटभर बुडवून ठेवतो. पातं जसंच्या तसं बाहेर आलं तर मिश्रण तयार. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडलाय असं समजून आणखी चुन्याचं पाणी घालायचं, कारण मिश्रणात मोकळं राहिलेलं तांबं कोवळी पानं करपवतं. मोरचुदाचं द्रावण लोखंडी पिंपात करू नये, असं सांगतात तेही याच कारणाने.

पात्यावरचा तो तांबूस थर म्हणजे खरंखुरं धातुरूप तांबं. मोरचूद पाण्यात विरघळतो तेव्हा त्यातला तांब्याचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या अवस्थेत असतो. अशा विद्युतभार असलेल्या अणूला आयन म्हणतात, आणि द्रावणाचा निळा रंग या आयनांचाच. हा आयन लोखंडाच्या पात्याला टेकला की लोखंडाच्या अणूकडून दोन इलेक्ट्रॉन घेतो आणि धातू होऊन तिथेच बसतो. इलेक्ट्रॉन गमावलेला लोखंडाचा अणू मात्र आयन होऊन पाण्यात उतरतो. मिनिटभरात असे अब्जावधी व्यवहार होतात, इलेक्ट्रॉन या अणूकडून त्या अणूकडे जातात, पण त्यातून एखादा दिवा लागत नाही. देणारा आणि घेणारा एकमेकांना चिकटून असल्यामुळे इलेक्ट्रॉनांचा प्रवास अणूभराच्या अंतरातच संपतो.

या व्यवहारातून वीज मिळवायची, तर देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकमेकांपासून दूर ठेवून इलेक्ट्रॉनांना तारेतून जायला भाग पाडावं लागतं. जस्त-तांब्याच्या विद्युत घटात नेमकं एवढंच केलेलं असतं.

सगळी ऊर्जा उष्णतेत

लोखंडाऐवजी जस्त घेतलं तर हीच क्रिया जास्त जोरात होते. शंभर मिलिलिटर पाण्यात पाच ग्रॅम मोरचूद विरघळवा, थर्मामीटर ठेवा आणि त्यात तीन-चार ग्रॅम जस्ताची भुकटी टाकून ढवळा. काही मिनिटांत निळा रंग फिका होत नाहीसा होतो, तळाशी तांबूस-तपकिरी गाळ बसतो आणि पाण्याचं तापमान सुमारे दहा अंशांनी चढतं. घडलेली अभिक्रिया अशी:

Zn + Cu²⁺ → Zn²⁺ + Cu

रसायनशास्त्रात पदार्थ मोलमध्ये मोजतात. एक मोल जस्त म्हणजे ६५.४ ग्रॅम आणि एक मोल तांबं म्हणजे ६३.५ ग्रॅम, दोन्हींत अणूंची संख्या सारखीच. एक मोल जस्ताची ही अभिक्रिया एकाच भांड्यात झाली तर सुमारे २१८ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. आपल्या पाच ग्रॅम मोरचुदात मोलचा पन्नासावा भाग तांबं असतं, म्हणून साडेचार किलोज्यूलच्या जवळपास उष्णता मिळाली आणि पाणी कोमट झालं.

हीच अभिक्रिया नीट मांडून केली, तर त्या २१८ किलोज्यूलपैकी जास्तीत जास्त २१२ किलोज्यूल विजेच्या रूपात काढून घेता येतात. पाच ग्रॅम मोरचुदाच्या हिशेबाने ही ऊर्जा सव्वाचार किलोज्यूल होते. एवढ्यावर एक वॅटचा दिवा सत्तर मिनिटं चालेल. पदार्थ तेच, त्यांची मात्रा तीच; मांडणी बदलली की उष्णतेऐवजी वीज मिळते.

ॲनोडवर काय घडतं, कॅथोडवर काय

ही मांडणी लंडनच्या किंग्ज कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक जॉन फ्रेडरिक डॅनियल यांनी १८३६ साली केली. त्याआधी छत्तीस वर्षं व्होल्टाने जस्त आणि दुसऱ्या धातूच्या चकत्या एकावर एक रचून वीज मिळवली होती. पण तिचा जोर लवकर ओसरत असे. व्होल्टाच्या रचनेत तांब्याचे आयन नव्हते, त्यामुळे तांब्याच्या पृष्ठावर हायड्रोजनचे बुडबुडे जमत आणि तेच प्रवाहाची वाट अडवत. डॅनियल यांनी तांब्याची पट्टी मोरचुदाच्या द्रावणात ठेवली. आता तांब्यावर वायू जमायचा प्रश्नच उरला नाही. जमायचं ते तांब्यावर तांबंच. जस्त त्यांनी वेगळ्या द्रावणात ठेवलं आणि दोन्हींच्या मध्ये बैलाच्या अन्ननलिकेची नळी पडदा म्हणून वापरली. पुढे तिच्या जागी सच्छिद्र मातीचं भांडं आलं. या कामासाठी १८३७ साली रॉयल सोसायटीने त्यांना कोपली पदक दिलं.

शाळा-कॉलेजात दिसतो तो या घटाचा सुटसुटीत अवतार. एका चंचुपात्रात झिंक सल्फेटचं द्रावण आणि त्यात जस्ताची पट्टी. दुसऱ्यात मोरचुदाचं, म्हणजे कॉपर सल्फेटचं द्रावण आणि त्यात तांब्याची पट्टी. दोन्ही पट्ट्या बाहेरून तारेने जोडलेल्या आणि दोन्ही द्रावणं क्षारसेतूने, म्हणजे प्रयोगशाळेतल्या बोलीत सॉल्ट ब्रिजने, जोडलेली.

जस्ताच्या पट्टीवर अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून द्रावणात उतरतो:

Zn → Zn²⁺ + 2e⁻

इलेक्ट्रॉन गमावण्याच्या या क्रियेला ऑक्सिडीकरण म्हणतात आणि ते जिथे घडतं तो ॲनोड. पट्टीत उरलेले इलेक्ट्रॉन तारेतून तांब्याच्या पट्टीकडे जातात. तिथे द्रावणातला तांब्याचा आयन ते घेतो आणि धातू होऊन पट्टीवर बसतो:

Cu²⁺ + 2e⁻ → Cu

हे क्षपण, आणि ते घडतं तो कॅथोड. एका भांड्यात एका क्षणात उरकणारी अभिक्रिया आता अर्धी इथे, अर्धी तिथे होते. मधल्या तारेत दिवा, घंटा, मोटर, जे बसवाल त्यातून इलेक्ट्रॉनांना जावंच लागतं. इलेक्ट्रॉन जस्ताकडून तांब्याकडे जातात. प्रवाहाची दिशा मात्र रूढीने त्याच्या उलट, तांब्याकडून जस्ताकडे दाखवतात.

इथे विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ होतो तो चिन्हांचा. विद्युत विलेपनाच्या टाकीत ॲनोड बॅटरीच्या धन टोकाला जोडलेला असतो, म्हणून ॲनोड म्हणजे धन हे डोक्यात पक्कं बसतं. आपल्या घटात ॲनोड जस्ताचा आहे, त्याच्यावर इलेक्ट्रॉन साचतात आणि तो घटाचं ऋण टोक असतो. विलेपनाच्या टाकीत बाहेरची बॅटरी ॲनोडवरून इलेक्ट्रॉन ओढून काढते, इथे अभिक्रिया स्वतःच ते ॲनोडवर ठेवून जाते. चिन्ह उपकरणानुसार बदलतं, काम बदलत नाही. ऑक्सिडीकरण होतं तो ॲनोड आणि क्षपण होतं तो कॅथोड, एवढं धरून चाललं की चूक होत नाही.

जोर येतो कुठून

जस्ताला इलेक्ट्रॉन द्यायची हौस असते आणि तांब्याला घ्यायची, असं वर्गात सांगितलं जातं. आकडे तपासले तर हे स्पष्टीकरण अपुरं पडतं. सुटा, मोकळा अणू घेऊन त्यातून दोन इलेक्ट्रॉन काढायचे तर मोलमागे जस्ताला सुमारे २६४० किलोज्यूल लागतात आणि तांब्याला सुमारे २७००. फरक जेमतेम दोन टक्क्यांचा. शिवाय तांब्याचा आयन पाण्यात उतरल्यावर पाण्याचे रेणू त्याला जस्ताच्या आयनापेक्षा थोडे जास्त घट्ट वेढतात आणि त्यातून सुटणारी जादा ऊर्जा तो फरकही जवळपास भरून काढते. म्हणजे या दोन पायऱ्यांवर दोन्ही धातूंची जवळजवळ बरोबरीच होते.

खरा फरक त्याच्या आधीच्या पायरीवर आहे. धातूच्या तुकड्यात अणू एकमेकांना धरून असतात. जस्तातली ही पकड सैल असते. एक मोल जस्ताचे सगळे अणू सुटे करायला १३० किलोज्यूल पुरतात. तांब्यासाठी ३३८ लागतात. जस्त ४२० अंश सेल्सिअसला वितळतं आणि तांब्याला १०८५ अंश लागतात, त्यामागेही हीच पकड आहे. घटात जस्ताची सैल रचना मोडते आणि तांब्याची घट्ट रचना उभी राहते. मोडायला कमी ऊर्जा लागते, रचताना जास्त सुटते आणि मधले २०८ किलोज्यूल शिल्लक पडतात. एका भांड्यातल्या प्रयोगात मोजलेल्या २१८ किलोज्यूलचा बहुतेक सगळा हिशेब इथेच लागतो.

घटाचे व्होल्टही याच शिलकीतून निघतात. एक मोल जस्त विरघळताना दोन मोल इलेक्ट्रॉन तारेतून जातात आणि त्यांचा एकूण विद्युतभार सुमारे १,९३,००० कूलोम भरतो. वीज म्हणून मिळू शकणारे २१२ किलोज्यूल, म्हणजे २,१२,००० ज्यूल, एवढ्या कूलोमवर वाटले तर प्रत्येक कूलोमच्या वाट्याला १.१ ज्यूल येतात. एका कूलोममागे एक ज्यूल म्हणजेच एक व्होल्ट, म्हणून या घटाचा दाब १.१ व्होल्ट. पट्टी नखाएवढी घ्या किंवा परातीएवढी, दाब तोच राहतो. पट्टी मोठी केल्याने एका वेळी जास्त अणू कामाला लागतात आणि जास्त प्रवाह काढता येतो, एवढंच.

क्षारसेतू काढला तर

तारेने इलेक्ट्रॉनांची सोय झाली, तर तिसरा जोड कशाला हवा, असं वाटणं साहजिक आहे. सेतू उचलून बघा: मल्टीमीटरवरचा आकडा लगेच कोसळतो आणि सेतू परत ठेवला की लगेच वर येतो.

घट चालू असताना जस्ताच्या भांड्यात सतत धन आयनांची भर पडते. तांब्याच्या भांड्यात उलट घडतं: तिथले धन आयन पट्टीवर जाऊन बसतात आणि त्यांचे जोडीदार, ऋण भाराचे सल्फेट आयन, द्रावणात एकटे उरतात. एक द्रावण धन आणि दुसरं ऋण होऊ लागलं की पुढचा जस्ताचा आयन पट्टी सोडून उतरायला अडखळतो आणि पुढचा इलेक्ट्रॉन तांब्याच्या बाजूला जायला अडतो.

हा असमतोल हळूहळू साचतो आणि घट काही वेळाने मंदावतो, अशी समजूत बऱ्याच जणांची असते. प्रत्यक्षात तो कल्पनेपलीकडे लवकर अडतो. टेबलावर शेजारी ठेवलेल्या दोन लहान भांड्यांमध्ये एक व्होल्टचा विरोध उभा राहायला काही कोटी इलेक्ट्रॉनांइतका असमतोल पुरतो. एक मिलिअँपिअर या अगदी किरकोळ प्रवाहातही दर सेकंदाला ६ वर १५ शून्यं इतके इलेक्ट्रॉन जातात. त्या मानाने काही कोटी म्हणजे काहीच नाही. सेतूशिवाय घट सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या आतच थांबतो. तोवर विरघळलेलं जस्त कुठल्याही तराजूवर कळणार नाही इतकं कमी असतं.

सेतू हा असमतोल उभाच राहू देत नाही. त्यात पोटॅशियम क्लोराइड किंवा पोटॅशियम नायट्रेटचं दाट द्रावण असतं. जस्ताच्या भांड्यात धन आयन वाढले की सेतूतले ऋण क्लोराइड तिकडे उतरतात. तांब्याच्या भांड्यात धन आयन घटले की सेतूतले धन पोटॅशियम तिकडे जातात. त्यामुळे दोन्ही द्रावणं कायम उदासीन राहतात. सेतूतून इलेक्ट्रॉन जात नाहीत. ते तारेत असतात, पाण्यात नाहीत. द्रावणातून आणि सेतूतून विद्युतभार वाहून नेतात ते आयनच. तारेतल्या इलेक्ट्रॉनांनी जेवढा भार एका दिशेने नेला, तेवढाच आयनांनी आतून भरून काढला तरच वर्तुळ पुरं होतं.

सेतूसाठी पोटॅशियमचेच क्षार का? पोटॅशियम, क्लोराइड आणि नायट्रेट हे आयन पाण्यात जवळजवळ सारख्याच वेगाने सरकतात. एक पुढे आणि दुसरा मागे पडला, तर सेतूच्या तोंडाशीच थोडा विद्युत दाब तयार होतो आणि मोजमाप बिघडतं. जेवणातल्या मिठात सोडियम क्लोराइडपेक्षा बराच मंद असतो, म्हणून मिठाच्या सेतूने आकडा किंचित हलतो. पण घरगुती प्रयोगात तो फरक जाणवत नाही, मीठ खुशाल चालतं. सेतूतल्या क्षाराने द्रावणातल्या कशाशी गाळ करू नये, ही मात्र अट आहे. चांदीच्या क्षाराचं द्रावण असलेल्या घटात क्लोराइड घातलं तर पांढरा साका बसतो. तिथे पोटॅशियम नायट्रेटच हवं.

एक घट, आकड्यांसह

याचं बरंचसं सामान कृषी सेवा केंद्रात मिळतं: मोरचूद फवारणीसाठी, झिंक सल्फेट पिकातली जस्ताची कमतरता भरायला आणि पांढरं पोटॅश, म्हणजेच पोटॅशियम क्लोराइड, खत म्हणून. हातमोजे घालावेत, भांडी स्वयंपाकातली नसावीत आणि मोरचूद विषारी आहे हे विसरू नये.

एका काचेच्या पेल्यात शंभर मिलिलिटर पाणी आणि २५ ग्रॅम मोरचूद, दुसऱ्यात तेवढंच पाणी आणि २९ ग्रॅम झिंक सल्फेट. जस्ताची आणि तांब्याची पट्टी पॉलिश पेपरने घासून घ्यावी, कारण जस्तावर हवेने चढलेला करडा थर असतो. टिपकागदाची पट्टी चार घड्या घालून पोटॅशच्या दाट द्रावणात भिजवावी, तिचं एक टोक या पेल्यात आणि दुसरं त्या पेल्यात सोडावं. मल्टीमीटरची काळी पिन जस्ताला, लाल पिन तांब्याला. १.०५ ते १.१ व्होल्टच्या दरम्यान आकडा आला तर मांडणी बरोबर आहे. आकड्याआधी उणे चिन्ह दिसलं तर पिना उलट लागल्या आहेत.

इथे पुष्कळ जण टॉर्चचा बल्ब जोडतात आणि तो न लागल्याने प्रयोग फसला असं समजतात. बल्बला दोन-तीनशे मिलिअँपिअर लागतात. एवढा प्रवाह त्या ओल्या कागदातून जाऊच शकत नाही. लाल एलईडीला प्रवाह थोडा पुरतो, पण दाब सुमारे १.८ व्होल्ट लागतो. म्हणून असे दोन घट एकापुढे एक जोडावे लागतात.

घटाची ही आतली अडवणूक मोजता येते. समजा काहीही न जोडता मल्टीमीटर १.०८ व्होल्ट दाखवतोय. आता दोन पट्ट्यांमध्ये शंभर ओहमचा रोध जोडला आणि आकडा ०.२७ वर आला. ०.२७ व्होल्ट भागिले १०० ओहम म्हणजे प्रवाह २.७ मिलिअँपिअर. उरलेले ०.८१ व्होल्ट घटाच्या आतच खर्च झाले, त्यांना २.७ मिलिअँपिअरने भागलं की घटाचा अंतर्गत रोध ३०० ओहम निघतो. तो जवळजवळ सगळा कागदाच्या सेतूचा असतो. कागद जाड आणि आखूड केला, किंवा त्याऐवजी रुंद काचनळीत अगर-अगरच्या जेलीत पोटॅश घालून सेतू बनवला, तर हाच घट अधिक प्रवाह देतो. रसायनांत काहीच बदललेलं नसतं, आयनांचा रस्ता फक्त रुंद झालेला असतो.

हाच घट २.७ मिलिअँपिअरवर पुरे चोवीस तास चालला असं धरू. एकूण विद्युतभार २३३ कूलोम. १,९३,००० कूलोममागे ६५.४ ग्रॅम जस्त, या हिशेबाने जस्ताची पट्टी ७९ मिलिग्रॅमने हलकी व्हायला हवी आणि तांब्याची पट्टी ७७ मिलिग्रॅमने जड. सोनाराच्या तराजूवर हा फरक दिसतो. पट्ट्या धुऊन, वाळवून आधी आणि नंतर तोलल्या, तर तारेतून किती इलेक्ट्रॉन गेले याचा हिशेब वजनावरून मांडता येतो.

बिघाड कसा ओळखावा

आकडा शून्यावर असेल तर बहुधा सेतू कोरडा पडलाय किंवा त्याचं एक टोक द्रावणाबाहेर आलंय. आकडा ठीक पण काहीही जोडताच तो पार खाली जात असेल, तर दोष अंतर्गत रोधात आहे: सेतू बारीक आहे किंवा पट्टीवर मळ आहे. या दोन तक्रारी वेगळ्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे.

तिसरी खूण जास्त बोलकी आहे. जस्ताची पट्टी काळी पडली, तिच्यावर भुसभुशीत काजळीसारखा थर आला, तर तांब्याचे आयन सेतू ओलांडून जस्तापर्यंत पोचले आहेत. तो काळा थर म्हणजे बारीक कणांचं तांबंच. आता त्या जागी देणारा आणि घेणारा पुन्हा एकमेकांना भिडले, अभिक्रिया तारेला वगळून परस्पर होते आणि तेवढं जस्त वीज न देताच वाया जातं. वजनाचा हिशेब जुळत नाही तेव्हा पहिला संशय इथेच घ्यावा.

मोरचूद पातळ झाला म्हणून मात्र दाब फारसा उतरत नाही. द्रावणांच्या प्रमाणात दहापट फरक पडला की या घटाचा दाब केवळ तीन शतांश व्होल्टने हलतो. तांब्याचे ९९ टक्के आयन संपले तरी काहीही न जोडलेला घट १.०३ व्होल्ट दाखवत राहतो. त्यामुळे नुसत्या व्होल्टवरून घट किती उरलाय हे सांगता येत नाही. फिका पडत चाललेला निळा रंग जास्त खरं सांगतो. आयन विरळ झाले की ते पट्टीपर्यंत पुरेशा वेगाने पोचत नाहीत आणि आधी प्रवाह ढासळतो. डॅनियल यांनी म्हणूनच घटाच्या वरच्या भागात मोरचुदाचे खडे ठेवायची सोय केली होती. आयन वापरले जात, तसतसा खडा विरघळून भर पडे.

एकसारखा टिकणारा हा दाब तारायंत्राच्या फार कामाला आला. तारघरांत या घटाचं एक रूप वर्षानुवर्षं चाललं. त्यात ना पडदा होता ना सेतू. जड निळं द्रावण तळाशी, त्यावर हलकं झिंक सल्फेटचं द्रावण आणि तांबं खाली, जस्त वर. केवळ घनतेच्या फरकाने दोन थर वेगळे राहत. पण ही बरणी हलवून चालत नसे आणि ती रिकामी ठेवणंही परवडत नसे. प्रवाह चालू असताना तांब्याचे आयन तळाच्या पट्टीवर खर्च होत राहत; प्रवाह बंद ठेवला की ते हळूहळू वर चढून जस्ताला गाठत. म्हणून सतत थोडा प्रवाह लागणाऱ्या कामासाठीच ती सोयीची ठरली. द्रवाने भरलेली, तिरपी न करता येणारी आणि नुसती ठेवली तरी झिजणारी बॅटरी खिशातल्या विजेरीसाठी कधीच उपयोगाची नव्हती.

बैलाची अन्ननलिका, मातीचं सच्छिद्र भांडं, तरंगते थर, जेलीची नळी या सगळ्या एकाच अडचणीवरच्या तोडी आहेत. मधल्या भिंतीने भार वाहणाऱ्या आयनांना जाऊ द्यायचं, पण तांब्याच्या आयनाला जस्तापर्यंत पोचू द्यायचं नाही. भिंत जितकी मोकळी तितका प्रवाह जास्त आणि गळतीही जास्त. जितकी घट्ट तितकी गळती कमी आणि अंतर्गत रोध मोठा. मोबाइलच्या लिथियम बॅटरीत जस्तही नाही आणि तांब्याचे आयनही नाहीत, पण दोन टोकांच्या मध्ये सच्छिद्र प्लास्टिकचा पातळ पडदा असतोच. लिथियमचे आयन त्यातून जातात, इलेक्ट्रॉनांना बाहेरच्या वाटेने जावं लागतं. तो पडदा फाटला तर दोन्ही बाजू आतल्या आत भिडतात आणि साठवलेली ऊर्जा एका भांड्यातल्या जस्त-मोरचुदासारखी उष्णता होऊन बाहेर पडते. फरक इतकाच की तिथे तापमान दहा अंशांवर थांबत नाही, बॅटरी पेट घेते.